आठ शाफ्टपैकी एकच का तुटला?

काही वर्षांपूर्वी आम्ही आठ ब्लोअर बनवून दिले होते. आठही एकाच ड्रॉइंगवर बनलेले, शाफ्टचा बारही एकाच लॉटमधला, ईएन ८ स्टीलचा. बेअरिंग बसतं तिथे शाफ्टचा व्यास ४० मिलिमीटर. शाफ्ट दोन पेडेस्टल बेअरिंगवर टेकलेला आणि बेल्टची पुली एका बेअरिंगच्या बाहेर लोंबती. फेरे मिनिटाला ७२०. चौथ्या आठवड्यात एका ठिकाणाहून फोन आला, शाफ्ट तुटला. बाकीचे सात व्यवस्थित चालू होते.

अशा वेळी सगळ्यात आधी येणारा शेरा ठरलेला असतो: "माल खराब आला असेल." तुकडा तपासायला पाठवला. रासायनिक घटक बरोबर आले, हार्डनेसही बरोबर आला. स्टीलचा दोष नव्हताच. दोष हिशोबात होता आणि तो हिशोब मी केला होता.

तुटलेली बाजू बघितली तर तिनेच निम्मी गोष्ट सांगितली. तोड बेअरिंगच्या खांद्याशी होती, जिथे ४० चा व्यास संपून पुढचा मोठा व्यास सुरू होतो, त्या कोपऱ्याच्या गोलाईत. कडेला तीन-चार ठिकाणी बारीक पायऱ्या होत्या, म्हणजे तडे एकाच वेळी वेगवेगळ्या जागांहून निघाले होते. तिथून आत ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा रेषा, आणि मधोमध, जराशी एका अंगाला, छोटीशी खरबरीत जागा. ती खरबरीत जागा म्हणजे शेवटचा क्षण, उरलेलं स्टील एकदम फाटलं तो. ती लहान असेल तर समजायचं की शाफ्टवर भार फार नव्हता. तो एका झटक्यात मोडला नाही, तडा रोज थोडा थोडा सरकत गेला. यालाच आपण फटीग म्हणतो.

आता माझा पहिला हिशोब. बेल्टची ओढ साधारण ४५०० न्यूटन, बेअरिंगच्या मध्यापासून १५० मिलिमीटरवर. म्हणजे वाकवणारा मोमेंट ६७५ न्यूटन-मीटर. ४० च्या शाफ्टवर त्याने १०७ मेगापास्कल ताण येतो. शाफ्ट फिरत असल्यामुळे त्याच्या कातडीवरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. टॉर्कचा ताणही असतो, पण तो एकाच दिशेने कायम राहतो, म्हणून इथे बाजूला ठेवतो. बारच्या सर्टिफिकेटवर तन्यशक्ती ६२० मेगापास्कल होती. पुस्तकातला नियम सांगतो की स्टीलची एन्ड्युरन्स लिमिट, म्हणजे ज्या ताणाखाली ते कितीही फेरे सोसतं तो ताण, तन्यशक्तीच्या निम्मा धरावा. (हा नियम तन्यशक्ती १४०० पर्यंतच चालतो, पण आपण त्याच्या फार अलीकडे आहोत.) निम्मे म्हणजे ३१०. भागिले १०७, जवळजवळ तीन. तिपटीची सुरक्षितता दिसली आणि मी ड्रॉइंगवर सही केली.

चूक त्या ३१० मध्ये होती. तो आकडा खोटा नाही, पण तो माझ्या शाफ्टचा नव्हता.

फिरत्या तुकड्याला वाकवून त्याची सहनशक्ती मोजायची कल्पना जुनी आहे. प्रशियातल्या ऑगस्ट व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रेल्वेच्या धुऱ्यांवर वर्षानुवर्षे असे प्रयोग केले. आज पुस्तकात जो निम्म्याचा नियम सापडतो, त्यामागचा नमुना मात्र धुऱ्याएवढा नसतो. तो असतो ७.६२ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे पाव इंचाहून थोडा मोठा. मध्ये हळूच बारीक होत गेलेला, आरशासारखा पॉलिश केलेला, आणि पॉलिशचे शेवटचे घासे लांबीच्या दिशेने दिलेले, म्हणजे आडवा ओरखडा एकही राहू नये. असे अनेक नमुने फिरवून त्यांच्या मर्यादांची सरासरी काढली की निम्मा हा आकडा मिळतो.

माझा शाफ्ट करंगळीएवढा नव्हता, आरशासारखा नव्हता, आणि त्याने सरासरीने वागावं अशी सक्ती त्याच्यावर नव्हती. या तिन्ही फरकांची किंमत वेगवेगळी काढावी लागते. डिझाइनची पुस्तकं ती गुणकांच्या रूपात देतात. जोसेफ मॅरिन यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते:

```
Se = ka × kb × ke × Se'
```

यात `Se'` म्हणजे आपले ३१०. `ka` पृष्ठभागाचा, `kb` आकाराचा आणि `ke` खात्रीचा गुणक. तापमान, ताणाचा प्रकार वगैरेंचे गुणकही असतात, पण नुसत्या वाकण्यात आणि कारखान्याच्या साध्या तापमानात त्यांची किंमत १ येते, म्हणून इथे सोडतो.

पृष्ठभागापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गंमत तिथेच आहे.

वाकणाऱ्या शाफ्टमध्ये ताण कातडीवर सर्वांत जास्त आणि मध्यावर शून्य असतो. म्हणून तडा बहुतेक वेळा बाहेरून सुरू होतो. लेथवर टर्निंग केलेल्या शाफ्टवर टूलने काढलेली चर असते, स्क्रूच्या आट्यांसारखी, फक्त डोळ्याला जेमतेम दिसणारी. टूलच्या नोकाची गोलाई ०.८ मिलिमीटर आणि फीड फेऱ्याला ०.२ मिलिमीटर असेल तर चरीची खोली साधारण सहा मायक्रॉन येते. फीड निम्मं केलं तर ती चौथाईवर येते, कारण खोली फीडच्या वर्गाप्रमाणे बदलते. सहा मायक्रॉन म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ही चर शाफ्टला वळसा घालून जाते, आणि वाकण्याचा ताण शाफ्टच्या लांबीत ओढतो. म्हणजे प्रत्येक चर त्या ओढीला बरोबर आडवी. लाकडाची फळी मोडायची असेल तर आपण आधी आडवी खाच मारतो, तसंच काम लेथने आपल्याला न विचारता करून ठेवलेलं असतं.

टर्निंग केलेल्या स्टीलसाठी सूत्र असं आहे, तन्यशक्ती मेगापास्कलमध्ये घालून:

```
ka = 4.51 × Sut^(-0.265)
```

६२० घातले की ०.८२ मिळतात. ग्राइंडिंगचं सूत्र वेगळं आहे, त्याने ०.९१ येतात. एकाच स्टीलला फक्त फिनिश बदलून दहा टक्के फरक.

इथे माझ्या ड्रॉइंगमधली एक फसवणूक सांगतो, कारण ती अनेकांच्या ड्रॉइंगमध्ये असते. बेअरिंगची जागा आम्ही ग्राइंड करून घेतली होती. हात फिरवला तर मऊ लागायची, चकाकायची. म्हणून मनात ०.९१ धरायचा मोह होतो. पण ग्राइंडिंगचं चाक खांद्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. कोपऱ्यातली गोलाई टर्निंगचीच राहते, आणि तडा तिथेच सुटला होता. गुणक घ्यायचा तो तडा सुटणाऱ्या जागेचा, सगळ्यात छान दिसणाऱ्या जागेचा नाही. शिवाय ग्राइंडिंग म्हणजे नेहमीच भलं असंही नाही. कूलंट कमी पडला, चाक बोथट झालं की कातडी जळते. वरून चकाकी तशीच राहते, पण आत ओढीचा ताण अडकून बसतो. तो दिसायला सौम्य नायट्रिक आम्लाने एचिंग करावं लागतं, मग जळलेले डाग गडद उमटतात.

या सूत्रांतला घातांक ऋण आहे, याचा अर्थ स्टील जितकं कणखर तितका पृष्ठभागाचा तोटा मोठा. मऊ स्टील चरीच्या टोकाशी थोडं दबून ताण वाटून घेतं, कणखर स्टीलला ते जमत नाही. हे पूर्ण कळायचं असेल तर फोर्जिंगची काळी कातडी तशीच ठेवलेल्या भागाकडे बघावं. त्याचं सूत्र असं:

```
ka = 272 × Sut^(-0.995)
```

आमच्या ६२० च्या ईएन ८ ला यात ०.४५ मिळतात. निम्म्याचा नियम लावून सहनमर्यादा १४० मेगापास्कल येते. आता त्याच जागी हार्डन-टेम्पर केलेलं ईएन २४ घ्या, तन्यशक्ती १०००. भाव चांगलाच जास्त. नियमाने ५०० मिळतात, पण `ka` उतरतो ०.२८ वर. गुणाकार करा: पुन्हा १४० च. घातांक जवळपास उणे एक असल्यामुळे तन्यशक्ती वरून आणि खालून कटून जाते. काळी कातडी तशीच ठेवून महाग स्टील घेणाऱ्याने फटीगच्या दृष्टीने पैसे पाण्यात टाकलेले असतात.

हे असं का, याचं कारण नुसता खडबडीतपणा नाही. भट्टीत तापताना कातडीतला कार्बन हवेत जळून जातो. वरचा पातळ थर कमकुवत, साध्या लोखंडासारखा होतो आणि त्यावर पपडीचे खड्डे राहतात. आतलं स्टील कितीही भारी असलं तरी तडा त्या हलक्या थरात सुरू होतो. ही सूत्रं १९४० च्या दशकात गोळा केलेल्या आकड्यांवर बसवलेली आहेत. आजची बंदिस्त वातावरणातली, नंतर शॉट पीनिंग केलेली फोर्जिंग याहून चांगली निघते. म्हणून हे आकडे मी सावधगिरीचे धरतो, शिलालेख नव्हे. शॉट पीनिंगमध्ये बारीक छर्‍यांचा मारा कातडी दाबून ठेवतो, आणि दाबलेल्या जागी तडा उघडत नाही. त्याने पृष्ठभाग उलट थोडा खडबडीत होतो, तरी सहनशक्ती वाढते.

आता आकार. मोठा तुकडा लहानापेक्षा अशक्त का असावा? दोन कारणं पुरेशी आहेत. स्टीलमध्ये कुठे ना कुठे कमकुवत कण असतो, अशुद्धीचा बारीक दाणा असतो. जास्त ताणाखाली जितकी जास्त कातडी, तितकी असा दाणा नेमका तिथे सापडण्याची शक्यता जास्त. दुसरं, बारीक शाफ्टमध्ये कातडीपासून आत जाताना ताण झपाट्याने उतरतो, म्हणजे सुरू झालेला तडा थोडं आत गेला की हलक्या ताणात पोचतो. जाड शाफ्टमध्ये तेवढ्याच खोलीवर ताण अजून चढाच असतो. फिरत्या शाफ्टसाठी साधारण ५१ मिलिमीटरपर्यंत सूत्र असं:

```
kb = 1.24 × d^(-0.107)
```

४० ला ०.८४ मिळतात. शाफ्ट फिरत नसेल, एकाच जागी वाकत असेल, तर जास्त ताणाखालची कातडी थोडीच असते, म्हणून व्यासाच्या ०.३७ पट घेऊन हेच सूत्र लावतात. आणि नुसत्या ओढीत सगळा छेद सारखाच ताणला जात असल्यामुळे हा गुणक एक धरतात.

हा गुणक वाचून काहीजण म्हणतात, मग शाफ्ट जाड करून काय फायदा? फायदा भरपूर आहे. ४० चा ४५ केला तर `kb` सव्वा टक्क्याने घटतो, पण ताण व्यासाच्या घनाप्रमाणे उतरतो, म्हणजे तीस टक्क्यांनी. गुणकाची खरी भीती वेगळ्या जागी आहे. लहान नमुन्यावर यशस्वी झालेली चाचणी मोठ्या भागाला तशीच लावली, तर फसायला होतं. सर्टिफिकेटवरच्या तन्यशक्तीचंही तसंच: हार्डनिंग केलेल्या जाड बारच्या गाभ्यापर्यंत थंडावा पोचत नाही, तेव्हा चाचणीचा तुकडा बारच्या कुठून काढला हे विचारावं. तो तोटा `kb` मध्ये धरलेला नसतो.

पृष्ठभाग आणि आकार दोन्ही लावले की ३१० चे २१३ राहिले. अजून एक गोष्ट बाकी होती, ती म्हणजे कोपरा. ४० च्या बेअरिंगला, म्हणजे ६२०८ क्रमांकाच्या बेअरिंगला, खांद्याची गोलाई जास्तीत जास्त १ मिलिमीटर चालते, नाहीतर बेअरिंग टेकत नाही. एवढ्या तीक्ष्ण कोपऱ्यात ईएन ८ साठी ताण साधारण १.८ पट होतो. १०७ चे १९३ झाले. म्हणजे सोसायची ताकद २१३, येणारा ताण १९३. तिपटीची सुरक्षितता दहा टक्क्यांवर आली होती. तरी दहा टक्के शिल्लक होते ना? मग तुटला का?

इथे तिसरा गुणक येतो. २१३ ही सरासरी. तिचा अर्थ असा की अशाच शंभर शाफ्टांपैकी पन्नासांची मर्यादा २१३ च्या खाली असणार. किती खाली, याचा अंदाज पुस्तकं एका गृहीतकावर देतात: प्रमाणित विचलन सरासरीच्या ८ टक्के. आमच्या बाबतीत ते १७ मेगापास्कल येतं. १९३ हा आकडा २१३ पासून त्याच्या साधारण १.१ पट खाली आहे. सामान्य वितरणाच्या तक्त्यात बघितलं तर इतकं खाली किंवा त्याहून खाली असणाऱ्यांचं प्रमाण साधारण १३ टक्के.

आठात एक म्हणजे साडेबारा टक्के.

इतकं जुळून येणं हा योगायोगच. आठ शाफ्टांवरून काही सिद्ध होत नाही, आणि दोन तुटले असते किंवा एकही तुटला नसता तरी आश्चर्य नव्हतं. पण त्या दिवशी कागदावर तो आकडा बघताना मला थोडं गरगरलं. माझ्या ड्रॉइंगमध्येच तुटणारा शाफ्ट लिहिलेला होता, फक्त कुणाच्या वाट्याला येणार ते ठरायचं होतं. वेळही जुळत होती. रोज आठ तासांची एक शिफ्ट, असे चोवीस दिवस, मिनिटाला ७२० फेरे, म्हणजे ८३ लाख फेरे. आपल्या मर्यादेच्या किंचित वर ताणलेलं स्टील दहा लाख ते एक कोटीच्या दरम्यान हार मानतं. जे सात शाफ्ट हा टप्पा ओलांडून गेले होते, त्यांची मर्यादा बहुधा १९३ च्या वरची होती.

खात्रीचा गुणक याच विखुरण्यावर बसवलेला आहे. शंभरात नव्याण्णव टिकावेत असं हवं तर तो ०.८१ घ्यायचा, हजारात नऊशे नव्याण्णव हवे तर ०.७५. नव्याण्णव टक्क्यांसाठी २१३ चे १७३ होतात, आणि १७३ हे १९३ पेक्षा कमी आहेत. हिशोब आधी असा मांडला असता तर ड्रॉइंग तिथेच थांबलं असतं. एवढं मात्र लक्षात ठेवावं की हा गुणक फक्त स्टीलच्या विखुरण्याचा आहे. बेल्ट कुणी जास्त आवळला, पुली वाकडी बसली, यांची काळजी तो घेत नाही. त्यासाठी वेगळा सुरक्षा गुणक ठेवावा लागतो, आणि एकाला दुसऱ्याच्या जागी मोजलं की आपण स्वतःलाच फसवतो.

दुरुस्तीला दोन वाटा होत्या. ग्राहकाचं म्हणणं, शाफ्ट ४० चाच ठेवा, ईएन २४ लावा. करून बघितलं. १००० च्या तन्यशक्तीला टर्निंगचा गुणक ०.७२ वर येतो, तिन्ही गुणक लावून २४६ राहतात. पण कणखर स्टील कोपऱ्यालाही जास्त संवेदनशील असतं, म्हणून १.८ च्या जागी जवळपास २ धरावे लागतात आणि ताण २१५ होतो. सुरक्षितता १.१४. दुसरी वाट, ईएन ८ च ठेवून व्यास ४५. ताण ७५, कोपऱ्याचा गुणक थोडा वाढून १.८५ धरला तरी १४० च्या आत. सहनमर्यादा १७१. सुरक्षितता १.२२. साधं स्टील आणि पाच मिलिमीटर जास्त जाडी महाग स्टीलपेक्षा सरस ठरली. खर्च वाढला तो बेअरिंग, पेडेस्टल आणि पुलीचं बोअर बदलण्याचा, आणि तो काही थोडा नव्हता. बेअरिंगच्या मागे सैल रिंग घालून कोपऱ्याला मोठी गोलाई देण्याचा तिसरा उपायही होता. पण आमच्या शाफ्टवर त्या रिंगेला जागा नव्हती.

तुटलेल्या शाफ्टच्या जागी ४५ चा बसला. बाकी सात ठिकाणी जाऊन बेअरिंग उतरवलं, कोपऱ्यावर लाल डाय पेनिट्रंट लावून तपासलं. कुठेच रेघ उमटली नाही. तरी सहा ठिकाणी शाफ्ट बदलून दिले. सातव्या मालकाने नकार दिला. "चालतंय ना? मग कशाला हात लावता?" तेव्हा मी बरीच समजूत घालून पाहिली. आज विचार करताना वाटतं, त्याचा शाफ्ट बहुधा त्या सत्त्याऐंशी टक्क्यांतलाच असावा. बेल्ट मात्र मी त्याला दाखवून सैल करून आलो.